पीएच.डी.चा सिनॉप्सिस कसा लिहावा: काटोलच्या संत्रा बागेतून एक उदाहरण

नागपुरात पीएच.डी.ला नाव नोंदवायचं म्हटलं की पहिला अडसर पेट परीक्षेचा आणि दुसरा सिनॉप्सिसचा. परीक्षेची तयारी करून घेणारे पुष्कळ भेटतात. सिनॉप्सिस मात्र बहुतेक जण एखाद्या सीनियरची जुनी फाईल समोर ठेवून लिहितात. मी स्वतः असाच लिहिला होता आणि समितीने तो परत पाठवला. शेरा एका ओळीचा होता: "उद्दिष्टे व संशोधन पद्धती यांचा परस्परसंबंध स्पष्ट नाही." तेव्हा राग आला होता. पुढे इतरांचे सिनॉप्सिस वाचायची वेळ आली तेव्हा कळलं की परत आलेल्या बहुतेक कागदांचं दुखणं हेच असतं.

इथे एकच विषय घेऊन सिनॉप्सिस पहिल्यापासून शेवटपर्यंत उभा करून दाखवतो. विषय अर्थशास्त्र किंवा वाणिज्य शाखेला चालेल असा आणि आपल्या घराजवळचा आहे: संत्रा. तुमचा विषय वेगळा असला तरी क्रम हाच ठेवता येईल.

आधी बागेत जा, मग शीर्षक लिहा

समजा तुमच्या मनात आहे, "विदर्भातील संत्रा उत्पादक शेतकऱ्यांचा आर्थिक अभ्यास". या शीर्षकात प्रश्नच नाही. कशाची कशाशी तुलना करायची, कोणता काळ घ्यायचा, कोणता तालुका निवडायचा, यातलं काहीच ठरत नाही. असं शीर्षक ग्रंथालयात बसून सुधारत नाही. एक दिवस काढून काटोलला जावं लागतं.

बागायतदार माल दोन मुख्य पद्धतींनी विकतो. एक, फळं झाडावर असतानाच व्यापाऱ्याला सगळा बगीचा एकरकमी देऊन टाकायचा. याला उक्ता देणं म्हणतात. तोडणी, गाडी, बाजार हे सगळं मग व्यापारी बघतो. दुसरी पद्धत म्हणजे स्वतः तोडून माल कळमन्याच्या बाजारात न्यायचा. कोणत्या पद्धतीत शेतकऱ्याच्या हातात जास्त पैसा राहतो, हा खरा प्रश्न आहे आणि तो मोजता येतो.

पहिल्याच भेटीत एक मोलाची गोष्ट कळते. मी एका काकांना विचारलं होतं, "काका, टनाला भाव काय मिळाला?" ते म्हणाले, "म्या त बगीचा उक्ता देल्ला. किती टन निघाला थे मले काय मालूम, थे व्यापाऱ्याले इचारा." त्या एका वाक्याने माझी अर्धी प्रश्नावली रद्द झाली. उक्त्यात वजन शेतकऱ्याला माहीतच नसतं, त्यामुळे 'प्रति टन भाव' हे माप दोन्ही गटांना लागू पडत नाही. झाडं किती हे मात्र दोघांनाही तोंडपाठ असतं. म्हणून मोजायचं एकक ठरलं: फळावर असलेल्या एका झाडामागे हाती आलेली निव्वळ रक्कम. हे आधी कळलं नसतं, तर दीडशे प्रश्नावल्या भरून झाल्यावर कळलं असतं.

म्हणून सिनॉप्सिस लिहायच्या आधी दहा-बारा बागायतदारांना भेटून या. ही रीतसर पाहणी नव्हे, तुमचं माप जमिनीवर टिकतं का एवढं बघण्यापुरती चाचपणी आहे. परत आल्यावर शीर्षक आपोआप अरुंद होतं: "काटोल व नरखेड तालुक्यांतील आंबिया बहाराच्या संत्र्याची विक्रीपद्धत व शेतकऱ्यास मिळणारे निव्वळ उत्पन्न: उक्ता विक्री व थेट बाजारविक्री यांचा तुलनात्मक अभ्यास". लांब आहे, पण यात स्थळ, पीक, बहार, माप आणि तुलना सगळं आलं. मृग बहार का सोडला, तेही एका ओळीत लिहा. मृग जून-जुलैच्या पावसावर फुलतो आणि फेब्रुवारी-मार्चला तोडीला येतो. आंबिया जानेवारी-फेब्रुवारीला फुलून साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरात निघतो. दोन्हींचा बाजार वेगळ्या महिन्यांत भरतो. ते एकत्र मिसळले तर भावातला फरक पद्धतीचा की हंगामाचा, हे सांगता येणार नाही.

पूर्वीच्या संशोधनाचा आढावा

यावर फार रेंगाळत नाही. शोधगंगेवर जुने प्रबंध आणि शोधगंगोत्रीवर मंजूर झालेले सिनॉप्सिस सापडतात. अमरावती रोडवर केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था आहे, लागवडीबद्दलचं साहित्य तिथे बघा. आढाव्यात "अमुक यांनी 2011 मध्ये अभ्यास केला, तमुक यांनी 2015 मध्ये केला" अशी यादी देऊ नका. प्रत्येक अभ्यासाबद्दल तीनच गोष्टी लिहा: त्यांनी काय मोजलं, कोणाकडून मोजलं आणि तुमच्या प्रश्नातलं काय त्यांच्याकडून राहून गेलं. शेवटच्या परिच्छेदात ही राहिलेली जागा दाखवली की तुमची उद्दिष्टं तिथूनच सुरू होतात.

आणि उतारे उचलू नका. यूजीसीच्या 2018 च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य किरकोळ मानलं जातं, त्यापुढे कारवाईचे टप्पे सुरू होतात. सिनॉप्सिसमध्ये उचललेला परिच्छेद पुढे प्रबंधात जसाच्या तसा जातो आणि तिथे पकडला जातो.

उद्दिष्टं: तीन पुरेत

"संत्रा उत्पादकांच्या समस्यांचा अभ्यास करणे" हे उद्दिष्ट होत नाही, कारण ते पूर्ण झालं की नाही हे कधीच ठरवता येत नाही. उद्दिष्टाची कसोटी सोपी आहे: काम संपल्यावर त्यासमोर एक आकडा, एक तक्ता किंवा एक स्पष्ट वर्णन ठेवता आलं पाहिजे. आपल्या विषयाची उद्दिष्टं अशी:

1. उक्ता विक्री आणि थेट बाजारविक्री करणाऱ्या शेतकऱ्यांना झाडामागे मिळणाऱ्या निव्वळ रकमेची तुलना करणे.
2. विक्रीपद्धतीची निवड कोणत्या घटकांशी जोडलेली आहे ते तपासणे: झाडांची संख्या, पक्क्या रस्त्यापासूनचं अंतर, पीककर्ज, घरात तोडणीला उपलब्ध माणसं.
3. उक्त्या सौद्यातील अटी, इसाराची रक्कम, हप्ते आणि फळगळ झाल्यास नुकसान कोणी सोसायचं याचा व्यवहार, यांचं वर्णन करणे.

पहिल्या उद्दिष्टात आधी मी "परिणाम अभ्यासणे" असं लिहिलं होतं. ते खोडायला लागलं. कोणी उक्ता द्यायचा हे चिठ्ठ्या टाकून ठरत नाही. ज्याच्याकडे माणसं नाहीत, ज्याला दिवाळीआधी पैशाची गरज आहे, ज्याच्या बागेत कोळशी किंवा डिंक्या रोग आहे, तो उक्त्याकडे झुकण्याची शक्यता जास्त. म्हणजे रकमेतला फरक पद्धतीमुळे पडला की मुळात शेतकरीच वेगळे होते म्हणून पडला, हे या आखणीतून पूर्णपणे वेगळं काढता येत नाही. 'फरक' आणि 'संबंध' हे शब्द आपल्याला झेपतात, 'परिणाम' झेपत नाही. समिती बोट ठेवते ते याच शब्दावर.

गृहीतकं

एक गैरसमज फार पसरलेला आहे, की जितकी उद्दिष्टं तितकी गृहीतकं असलीच पाहिजेत. तसं नाही. तिसरं उद्दिष्ट वर्णनाचं आहे, त्याला गृहीतक नको. तिथे बळेच काहीतरी लिहिलं तर पुढे ते कोणत्या चाचणीने तपासणार, असा प्रश्न येतो आणि उत्तर नसतं.

वाणिज्य शाखेत नेहमी दिसणारं वाक्य म्हणजे "संत्रा उत्पादक शेतकऱ्यांची आर्थिक स्थिती समाधानकारक नाही". समाधान कोणाचं, आणि किती रुपयांना? हे मत झालं. गृहीतक असं हवं की आकड्यांनी ते पडू शकेल:

शून्य गृहीतक: दोन्ही विक्रीपद्धतींतील शेतकऱ्यांच्या झाडामागील सरासरी निव्वळ रकमेत फरक नाही.
पर्यायी गृहीतक: या सरासरी रकमेत फरक आहे.

"थेट विक्रीत जास्त मिळते" असं एका बाजूने का लिहिलं नाही? कारण थेट विकणाऱ्याच्या डोक्यावर भाव पडण्याची जोखीम असते आणि एखाद्या साली तो उक्त्यापेक्षा खालीही जाऊ शकतो. दोन्ही शक्यता उघड्या ठेवणं प्रामाणिकपणाचं आहे. सार्थकता पातळी 0.05 धरली हेही इथेच लिहून टाका. पुढे फरक दिसला नाही, तर "शून्य गृहीतक सिद्ध झाले" असं कधी लिहू नका. ते फक्त नाकारता आलेलं नसतं.

पद्धती: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

आधी निव्वळ रक्कम म्हणजे काय, ते व्याख्येत बांधा. दोन बागांचे हिशेब मांडून बघू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.

पहिली बाग 300 झाडांची, उक्ता 2,10,000 रुपयांत ठरली. पण शेवटच्या हप्त्याला व्यापाऱ्याने "फळ गळालं" म्हणून 20,000 कापले. तोडणी होईपर्यंत राखणदाराचे 6,000 शेतकऱ्यानेच दिले. हाती राहिले 1,84,000, म्हणजे झाडामागे साधारण 613 रुपये.

दुसरी बागही 300 झाडांचीच. माल बाजारात 3,24,000 ला विकला गेला. तोडणी, भराई, गाडीभाडं, हमाली आणि राखणीचे मिळून 90,000 गेले. राहिले 2,34,000, म्हणजे झाडामागे 780.

आता बघा, तुम्ही प्रश्नावलीत फक्त "सौदा कितीला झाला?" असं विचारलं असतं, तर पहिल्या बागेचे 700 रुपये लिहिले गेले असते. कापलेले वीस हजार कुठेच आले नसते. म्हणून प्रश्न तीन हवेत: ठरले किती, मिळाले किती, शेवटचा हप्ता कधी मिळाला. दुसऱ्या बागेत घरच्या माणसांनी तोडणी केली असेल तर त्यांची मजुरी गावच्या दराने धरायची, हेही आधीच लिहा, नाहीतर थेट विक्री उगाच फायद्याची दिसेल. खत, पाणी, फवारणी यांचा खर्च दोन्ही गटांना असतो. तो वेगळ्या रकान्यात नोंदवा आणि या व्याख्येबाहेर ठेवा.

आता नमुना. "सोयीनुसार 100 शेतकरी निवडले" या वाक्यावर सिनॉप्सिस अडकतो, कारण 100 च का, याला उत्तर नसतं. दोन गटांच्या सरासरींची तुलना करायची असेल तर ढोबळ सूत्र हे:

```
n = 16 × (σ / δ)²
```

यात n म्हणजे प्रत्येक गटातली माणसं, σ म्हणजे रकमेचं प्रमाण विचलन आणि δ म्हणजे जो फरक तुम्हाला पकडायचा आहे तो. हे सूत्र 0.05 सार्थकता आणि 80 टक्के चाचणीशक्ती धरून येतं. समजा चाचपणीच्या भेटींत प्रमाण विचलन 300 रुपयांच्या आसपास निघालं. किती फरक महत्त्वाचा मानायचा? सहा बाय सहा मीटरवर लागवड असली तर हेक्टरी साधारण 277 झाडं बसतात. झाडामागे 150 रुपये म्हणजे हेक्टरी एक्केचाळीस हजारांच्या वर, आणि एवढ्या रकमेसाठी कोणताही शेतकरी पद्धत बदलायचा विचार करेल. मग 300 भागिले 150 म्हणजे 2, त्याचा वर्ग 4, गुणिले 16 म्हणजे 64. प्रत्येक गटात 64 माणसं हवीत. हाच फरक 75 रुपयांचा पकडायचा म्हटलं तर संख्या थेट 256 होते. फरक निम्मा केला की माणसं चौपट लागतात, म्हणून तो विचार करून ठरवा. दहा-बारा जणांवरून काढलेलं विचलन कच्चं असतं, काही जण दुसऱ्या फेरीला भेटत नाहीत, त्यामुळे 64 च्या जागी 80 धरू. दोन्ही गट मिळून 160.

हे 160 निवडायचे कसे? सोळा गावं घ्या आणि प्रत्येक गावातून पाच उक्ता देणारे, पाच थेट विकणारे निवडा. एकाच गावातले दोन्ही घेतल्याने जमीन, पाणी, बाजाराचं अंतर हे बरंचसं सारखं राहतं आणि तुलना स्वच्छ होते. अडचण अशी की कृषी विभागाकडच्या यादीत संत्रा कोणाकडे आहे हे मिळतं, पण कोण कसा विकतो हे मिळत नाही. म्हणून आधी गावात एक छोटी नोंदणी फेरी करावी लागते: नाव, झाडं, बागेचं वय, गेल्या हंगामात विक्री कशी केली. मग त्या दोन याद्यांतून चिठ्ठ्या टाकून निवड. ज्या गावात एकाच पद्धतीचे लोक आहेत ते गाव गळेल. ही अभ्यासाची मर्यादा म्हणून लिहून टाका, लपवू नका.

विश्लेषणाचं एकच वाक्य "एसपीएसएस वापरले जाईल" असं असतं. सॉफ्टवेअर कोणतं वापरणार, याने काही सिद्ध होत नाही. पहिल्या गृहीतकासाठी दोन स्वतंत्र गटांची टी-चाचणी. उत्पन्नाचे आकडे बहुधा एका बाजूला कललेले असतात, मोजके मोठे बागायतदार सरासरी वर ओढतात, तसं दिसलं तर मान-व्हिटनी चाचणी. त्यानंतर बागेचं वय, झाडांची संख्या आणि गाव हिशेबात धरून प्रतिगमन. दुसऱ्या उद्दिष्टाला लॉजिस्टिक प्रतिगमन, कारण तिथे उत्तर दोनपैकी एक असतं. त्याचं गृहीतक एकच ठेवा, उदाहरणार्थ रस्त्यापासूनचं अंतर आणि विक्रीपद्धत यांत संबंध नाही. तिसऱ्याला आठ-दहा व्यापारी आणि तितकेच शेतकरी यांच्या सविस्तर मुलाखती. व्यापारी आकडे सहज सांगत नाहीत, त्यामुळे त्यांना रक्कम न विचारता अटी विचारा.

संमतीचाही परिच्छेद हवा. कर्ज आणि थकलेले हप्ते हे नाजूक विषय आहेत. नाव वेगळ्या वहीत, प्रश्नावलीवर फक्त क्रमांक. ज्या व्यापाऱ्याचा त्या शेतकऱ्याशी सौदा आहे त्याच्यासमोर प्रश्नावली भरायची नाही. खळ्यावर चहा पिता पिता दोघं एकत्र भेटतात आणि मग शेतकरी कापलेल्या पैशांबद्दल एक शब्द बोलत नाही.

वेळापत्रक: बहार तुमच्यासाठी थांबत नाही

"पहिले सहा महिने साहित्य आढावा, पुढचे सहा महिने माहिती संकलन" असा तक्ता कोणत्याही विषयाला चिकटवता येतो. संत्र्याच्या विषयात तो चुकीचा ठरतो. तुम्हाला जानेवारीत मान्यता मिळाली आणि सहा महिन्यांनी, म्हणजे जुलैत, तुम्ही बागेत गेलात, तर गेल्या आंबियाचा हिशेब शेतकरी विसरलेला असतो आणि नव्या आंबियाचं फळ अजून झाडावर हिरवं असतं.

यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार पीएच.डी.ला कोर्सवर्क धरून किमान तीन वर्षं आणि कमाल सहा वर्षं मिळतात. महिला उमेदवार आणि 40 टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्यांना त्यापुढे दोन वर्षांची सवलत आहे. कोर्सवर्क मान्यतेच्या आधी की नंतर, ते तुमच्या विद्यापीठाच्या चालू नियमावलीत बघा, सीनियरच्या आठवणीवर जाऊ नका. समजा जुलैत मान्यता मिळाली. मग असं मांडा:

पहिलं वर्ष, जुलै ते डिसेंबर: कोर्सवर्क आणि आढावा. याच काळात पहिला आंबिया निघतो, त्यात पंधरा शेतकऱ्यांवर प्रश्नावली तपासून घ्यायची. जानेवारी ते जून: प्रश्नावली दुरुस्त करणं, गावं निवडणं, नोंदणी फेरी.

दुसरं वर्ष, ऑगस्ट-सप्टेंबर: सौदे होत असताना पहिली फेरी. झाडं, बागेची अवस्था, ठरलेली रक्कम, इसार. जानेवारी-फेब्रुवारी: माल निघून गेल्यावर, हिशेब ताजा असताना, दुसरी फेरी. मिळालेली रक्कम, कपात, खर्च. मार्च ते जून: व्यापाऱ्यांच्या मुलाखती आणि आकडे संगणकात भरणं.

तिसरं वर्ष, जुलै ते नोव्हेंबर: विश्लेषण. डिसेंबर ते एप्रिल: लेखन. मे-जून: गाईडचं वाचन, साम्य तपासणी, सादरीकरणपूर्व बैठक.

सौदे नेमके कोणत्या आठवड्यांत होतात ते गावोगाव थोडं पुढेमागे असतं, ते नोंदणी फेरीतच विचारून ठेवा. मुख्य हंगामात गारपीट किंवा मोठी फळगळ झाली तर काय, याचीही एक ओळ लिहा: पहिली फेरी नोंदीत ठेवायची आणि पुढच्या आंबियाला दोन्ही फेऱ्या पुन्हा करायच्या, म्हणजे एक वर्ष लांबणार. सहा वर्षांच्या मर्यादेत ते बसतं.

सादर करण्याआधी

एक आडवा कागद घ्या. त्यावर पाच रकाने आखा: उद्दिष्ट, गृहीतक, लागणारी माहिती, चाचणी, महिना. प्रत्येक उद्दिष्टाची ओळ डावीकडून उजवीकडे वाचत जा. रकाना रिकामा राहिला तर तिथे काम बाकी आहे. अपवाद फक्त तिसऱ्या उद्दिष्टाचा, त्याच्या गृहीतकाच्या रकान्यात आडवी रेघ मारा. चाचणीच्या रकान्यात नाव आहे पण तिला लागणारी माहिती प्रश्नावलीतल्या कोणत्याच प्रश्नातून येत नाही, असंही हमखास सापडतं. माझ्या परत आलेल्या सिनॉप्सिसमध्ये पाचपैकी तीन उद्दिष्टांना चाचणीच नव्हती, हा तक्ता आखला तेव्हा ते मला पाच मिनिटांत दिसलं.

संशोधन व मान्यता समितीसमोर, म्हणजे आरआरसीसमोर, जाताना हा कागद आणि चाचपणीच्या भेटींची वही जवळ ठेवा. "प्रति टन का नाही, प्रति झाड का?" असं कोणी विचारलं, तर वही उघडून त्या काकांचं वाक्य वाचून दाखवा.